बेकरीच्या गाळ्याच्या नोंदी: भाडं कुठल्या दिवसापासून?

9 जून 2025, सोमवार

पुण्यात कर्वेनगरातला गाळा आज पाहिला. सोसायटीच्या तळमजल्यावर, साधारण 370 चौरस फूट कार्पेट, आधी झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान होतं. भाडं 42,000, डिपॉझिट अडीच लाख, दरवर्षी पाच टक्के वाढ, करार तीन वर्षांचा. जागा आवडली. समोर शाळा आहे आणि संध्याकाळी रस्त्याला चालणारी माणसं आहेत.

पण झेरॉक्सच्या दुकानात आणि बेकरीत फरक असा, की झेरॉक्सवाला किल्ली घेतो आणि दुसऱ्या दिवशी मशीन लावून बसतो. मला फरशी फोडावी लागणार, पाण्याची आणि सांडपाण्याची लाइन टाकावी लागणार, ओव्हनसाठी थ्री फेज घ्यावी लागणार. एक पाव विकायच्या आधी किमान दीड-दोन महिने भाडं गेलं तर ओव्हनसाठी ठेवलेले पैसे त्यातच संपतील. एजंटला विचारलं, फिट-आऊटचे, म्हणजे आतलं काम होईपर्यंत बिनभाड्याचे दिवस मिळतील का? तो हसला. "मॉलमध्ये देतात, ताई. इथं गल्लीत किल्ली दिली की मीटर सुरू."

11 जून, बुधवार

गवंडी, वायरमन आणि सुतार तिघांना घेऊन गेले. प्रत्येकाकडून एकच गोष्ट हवी होती: तुझं काम किती दिवसांचं आणि कोणाच्या आधी होऊ शकत नाही. वहीत उतरवलं ते असं. जुनी फरशी काढणं तीन दिवस. सांडपाण्याची नाली आणि पाण्याचे पाइप चार. वॉटरप्रूफिंग आणि पाणी साठवून चाचणी तीन. भिंतीतलं वायरिंग चार. टाइल्स आठ. सीलिंग आणि रंग सहा. फर्निचर दहा. ओव्हन बसवून चाचणी चार. एकूण बेचाळीस दिवस. सोसायटीत रविवारी ठोकाठोक बंद, म्हणजे कॅलेंडरवर एकोणपन्नास. वर थोडी सूट धरून साठ मागायचे ठरवले.

14 जून, शनिवार

गाळामालक काकांकडे गेले. वय सत्तरच्या आसपास, एका कारखान्याच्या प्लॅनिंग विभागातून निवृत्त. काकूंनी चहा दिला आणि आत गेल्या. नंतर कळलं, दाराआडून सगळं ऐकत होत्या.

मी साठ दिवस म्हटल्यावर काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे चौऱ्याऐंशी हजार. आधीच्या भाडेकरूने एक दिवस मागितला नव्हता." मी म्हटलं, त्याने फरशी पण फोडली नव्हती. ते म्हणाले, फरशी फोडायची गरज तुझी, माझी नाही. यावर उत्तर नव्हतं. त्यांचं बरोबरच होतं.

मग त्यांनी एक तोडगा काढला. दिवस मागू नकोस, भाडं 40,000 करतो.

घरी येऊन नवऱ्यासोबत हिशेब मांडला. पाच टक्के वाढीसकट तीन वर्षांचं भाडं 42,000 च्या हिशेबाने 15,88,860 होतं. 40,000 च्या हिशेबाने 15,13,200. म्हणजे 75,660 वाचतात. साठ दिवस मिळणं कठीण, पण दीड महिना माफ झाला तर वाचतात 63,000. कागदावर काकांचा तोडगा साडेबारा हजारांनी चांगला. तरी मी तो घेणार नाही. ते 75,660 मला छत्तीस महिन्यांत थेंबाथेंबाने मिळणार, आणि दुकान उघडायच्या आधीच्या दोन महिन्यांत मात्र 80,000 खिशातून जाणार. माझी अडचण तीन वर्षांची नाही. माझी अडचण जुलै-ऑगस्टची आहे.

18 जून, बुधवार

या वेळी वही घेऊन गेले. रकमेचं नावच काढलं नाही, फक्त कामाचं वेळापत्रक समोर ठेवलं. प्लॅनिंगवाल्या माणसापुढे वेळापत्रक ठेवलं की तो वाचल्याशिवाय राहत नाही. काकांनी पेन्सिल मागवली.

पहिली रेघ फर्निचरवर. "हे दहा दिवस गाळ्यात कशाला? सुतार कारखान्यात बनवतो ना? इथं फक्त बसवणार." बरोबर. दहाचे तीन झाले. बेचाळीसचे पस्तीस. रविवार धरून एकेचाळीस. "वर चार देतो, पाऊस आहे. पंचेचाळीस."

बदल्यात त्यांनी लॉक-इन मागितलं. दोन वर्षं मी सोडून जायचं नाही, गेले तर उरलेल्या लॉक-इनचं भाडं भरायचं. मला हे रास्त वाटलं. त्यांची खरी भीती पंचेचाळीस दिवसांची नव्हतीच. आपण दीड महिना फुकट द्यायचा, आणि पोरीने चार महिन्यांत गाशा गुंडाळायचा, ही होती. एवढंच म्हटलं, की लॉक-इन भाडं सुरू होईल त्या दिवसापासून मोजूया. मान्य.

सोसायटीचा मेंटेनन्स आणि विजेचं बिल मात्र किल्ली मिळाल्या दिवसापासून माझ्याकडे. यावर वाद घातला नाही. भाडं माफ म्हणजे सगळंच माफ असं समजून बसणारे पुढे भांडतात.

22 जून, रविवार

आज सगळं विस्कटता विस्कटता राहिलं.

वायरमनने मीटरवरचा मंजूर भार बघायला गाळ्याचं वीजबिल मागितलं होतं. काकूंनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. मंजूर भार 2 किलोवॅट, सिंगल फेज. ते अपेक्षित होतं. माझा ओव्हन, मिक्सर, डीप फ्रीझर आणि एसी मिळून पंधराच्या आसपास जातं. पण बिलावरचं नाव काकांचं नव्हतं, त्यांच्या वडिलांचं होतं. आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली.

भार वाढवायचा अर्ज ग्राहकाच्या नावाने होतो. ग्राहक हयात नाही, म्हणजे आधी नावबदल. त्याला मृत्यूचा दाखला आणि वारसांची संमती. काकांची बहीण नागपूरला. ते झाल्यावर भारवाढीचा अर्ज, मग सर्व्हे, मग कोटेशन, ते भरायचं, परवानाधारक वायरमनचा टेस्ट रिपोर्ट, आणि मग मीटर. हे किती दिवसांचं काम आहे ते मलाही सांगता येईना आणि काकांनाही.

मी एवढे दिवस "किती दिवस" यावर भांडत होते. प्रश्न "कधीपासून" हा होता. किल्ली मिळाल्या दिवसापासून पंचेचाळीस मोजले आणि थ्री फेज साठाव्या दिवशी आली, तर ओव्हन पेटत नसताना पंधरा दिवसांचं भाडं मी भरणार. एका दिवसाचे 1,400.

27 जून, शुक्रवार

काकांना म्हटलं, पंचेचाळीस दिवस थ्री फेज मीटर बसल्यापासून मोजू. काका ताडकन म्हणाले, "आणि मीटर सहा महिन्यांनी आलं, तर मी सहा महिने फुकट बसू?"

हेही खरं. मग पुन्हा वही, पुन्हा पेन्सिल. त्यांनी विचारलं, फरशी फोडायला थ्री फेज लागते का? नाही. टाइल्सला? नाही. मग पहिले दिवस वाया कुठे जातात? वायरमनला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. त्याने सांगितलं, मीटर रूमपासून गाळ्यापर्यंत जाड केबल ओढायची आहे, ती सीलिंगच्या वरून जाणार. मीटर कुठे बसतंय हे नक्की झाल्याशिवाय ती ओढता येत नाही, आणि ती ओढल्याशिवाय सीलिंग बंद करता येत नाही. म्हणजे अडणार ते सीलिंगपाशी. मी पंधरावा दिवस म्हटलं, काका तिसावा. विसाव्या दिवसावर थांबलो.

ठरलं ते असं. पंचेचाळीस दिवस किल्ली मिळाल्यापासूनच. पण विसाव्या दिवसापर्यंत मीटर बसलं नाही, तर पुढचा जितका उशीर तितके दिवस माफीत वाढतील. वाढ जास्तीत जास्त तीस दिवस. त्यानंतरही मीटर नसेल, तर मला करार सोडून पूर्ण डिपॉझिट परत घेता येईल, लॉक-इन लागणार नाही. माझ्याकडची अट अशी, की कोटेशन आल्यावर मी तीन दिवसांत पैसे भरायचे. ते मी लांबवलं तर ते दिवस माझे. ही शेवटची ओळ काकांनी घातली, आणि ती मीच सुचवायला हवी होती.

भारवाढीचा खर्च कोणाचा, यावर पाच मिनिटांत निपटलं. माझा. थ्री फेज पुढे त्यांच्याच गाळ्याला राहणार, हे त्यांनाही कळत होतं. म्हणून तर वीस दिवसांवर आले. एक गोष्ट मात्र काकूंनी आतून सांगितली. महावितरणला जी सुरक्षा ठेव भरायची, ती ग्राहकाच्या नावावर जमा होते. पैसे माझे, नाव काकांचं. "तिला जाताना परत द्यायची, हे लिहा हो." लिहिलं.

5 जुलै, शनिवार

लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी. एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन काकांच्या घरीच आला. त्याने आणलेल्या मसुद्यात एकच तारीख होती: करार 12 जुलैपासून, भाडं दर महिन्याच्या 5 तारखेच्या आत. माफीच्या दिवसांचा शब्द नाही. मी विचारलं तर म्हणाला, "ते तुमच्यात तोंडी झालंय ना? व्हॉट्सॲपवर पण असेल." तिथेच थांबवलं. नोंदणी झालेल्या कागदावर 12 जुलै लिहिलं असेल, तर भाडं 12 जुलैपासूनच. काकांचा शब्द पक्का आहे, पण उद्या त्यांच्या मुलाने कागद वाचला तर त्याने काय समजायचं?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदवलेला असावा लागतो आणि ती जबाबदारी मालकाची असते. नसेल, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालक उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे नोंदणी मालकाच्याही हिताची. पण एकदा नोंदवला की त्यात जे आहे तेच बोलतं. एजंटने कुरकुरत इतर अटींच्या जागी हे टाइप केलं, भाड्याला त्याच्या भाषेत परवाना शुल्क म्हणतात:

"परवान्याचा कालावधी दि. 12/07/2025 पासून सुरू होईल. पहिले 45 (पंचेचाळीस) कॅलेंडर दिवस अंतर्गत कामासाठी असून त्यांचे परवाना शुल्क देय नाही. दि. 31/07/2025 पर्यंत थ्री फेज मीटर कार्यान्वित न झाल्यास, पुढील प्रत्येक दिवसाच्या विलंबासाठी एक दिवस, कमाल 30 दिवस, वाढवून मिळेल. मीटर बसल्याची तारीख उभयतांच्या सहीने नोंदवली जाईल."

"कॅलेंडर" हा शब्द काकांनी घातला. कामाचे दिवस की कॅलेंडरचे, हा घोळ नको म्हणाले. मी मान डोलावली. तेव्हा गणपती डोक्यात नव्हते.

भाडेवाढ दर 12 जुलैला, भाडं सुरू झाल्यापासून नाही. म्हणजे वाढीव भाडं मला सुमारे दीड महिना आधी लागणार, 2,100 च्या हिशेबाने पहिल्या वाढीचे तीनेक हजार. यावर बोलायचं ठरवलं होतं, पण समोर काका तिसऱ्यांदा अंगठा उमटवायचा प्रयत्न करत होते आणि यंत्र घेत नव्हतं. सोडून दिलं.

मुद्रांक शुल्क पाव टक्का, एकूण भाड्यावर आणि डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरलेल्या व्याजावर. भाडं 15,25,860 आणि व्याज 75,000, त्याचे चार हजार आणि वर काही रुपये. नोंदणी फी 1,000. दीड महिना माफ झाल्यामुळे मुद्रांकात 157 रुपये वाचले. एजंटला सांगितलं, त्याला हसू आलं नाही.

12 जुलै, शनिवार

किल्ली मिळाली. गाळ्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले, भिंतीला ओल आहे ते जवळून, आणि सिंगल फेज मीटरचं रीडिंग. काकांना पाठवले. आज पहिला दिवस.

अन्न परवान्याचा अर्ज आता या पत्त्यावर टाकता येईल. जागेचा कागद हातात नसताना तो टाकता येत नव्हता.

17 जुलै, गुरुवार

फरशी उचलली आणि खालून पाणी. वरच्या मजल्याचा सांडपाण्याचा जुना पाइप गाळ्याच्या फरशीखालून जातो, त्याचा सांधा गळत होता. भिंतीच्या ओलीचं कारण हेच. काम सोसायटीचं. कमिटीने माणूस पाठवून सांधा बदलेपर्यंत चार दिवस गेले, गवंडी हात बांधून बसला.

काकांना फोन केला, हे चार दिवस वाढवून द्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "लिहिलंय का?" नव्हतं. जमिनीखाली काय निघेल हे दोघांनाही सुचलं नाही. इमारतीच्या जुन्या दोषामुळे थांबलेले दिवस, ही ओळ मसुद्यात हवी होती. पुढच्या वेळी ती मीटरच्याही आधी.

21 जुलै, सोमवार

नागपूरहून काकांच्या बहिणीचं संमतिपत्र आलं. कुरिअर नाही, ओळखीच्या माणसाबरोबर. नावबदलाचा अर्ज आज गेला.

31 जुलै, गुरुवार

विसावा दिवस. नावबदल झाला, भारवाढीचा अर्ज गेला, मीटर नाही. उद्यापासूनचा प्रत्येक दिवस माझ्या बाजूला जमा. काकांनीच संध्याकाळी मेसेज केला: "उद्या 1 नंबर." त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलने आकडे घालायला घेतलेत, काकूंनी फोटो पाठवला.

6 ऑगस्ट, बुधवार

कोटेशन आलं, त्याच दिवशी भरलं. पावतीचा फोटो काकांना. तीन दिवसांची अट होती, तीन तासांत भरलं, कारण एक दिवस म्हणजे 1,400 हे आता पाठ झालंय. आश्चर्य असं, की उशीर वाढला तर फायदा माझा होता. पण माफीचे दिवस वाढून दुकान उघडत नाही. रोजचा गल्ला 1,400 पेक्षा जास्त असला पाहिजे, नाहीतर हा धंदाच कशाला.

14 ऑगस्ट, गुरुवार

मीटर बसलं. काका स्वतः आले, मीटरवरचा क्रमांक आणि तारीख एका कागदावर लिहून दोघांनी सही केली. उशीर चौदा दिवसांचा. माफी 25 ऑगस्टऐवजी 8 सप्टेंबरपर्यंत, भाडं 9 सप्टेंबरपासून.

पाइपच्या त्या चार दिवसांचं दुःख इथे विरलं. ते मीटरच्या वाट पाहण्यातच बुडाले. टाइल्स चार दिवस उशिरा संपल्या, पण सीलिंग तसंही केबलसाठी थांबलेलं होतं. एकाच वेळी दोन कारणांनी काम अडलं, तर दिवस एकदाच मोजायचे. काकांना सांगितलं, तर म्हणाले, कारखान्यात आम्ही यावरून कंत्राटदाराशी वर्षभर भांडायचो.

23 ऑगस्ट, शनिवार

केबल ओढून झाली, सीलिंग बंद, पहिला हात रंगाचा. सुतार म्हणाला, "ताई, उद्या गावाला निघतो." गाव राजापूरजवळ. बुधवारी गणपती. गौरी-गणपती करून 4 सप्टेंबरला येणार. काउंटर कारखान्यात तयार आहे, बसवायला माणूस नाही.

कॅलेंडर दिवस. काकांकडे तोंड उघडायलाही गेले नाही. गणपती कुणाच्या चुकीने येत नाहीत, आणि तारीख पंचांगात वर्षभर आधी छापलेली होती. जूनमध्ये वेळापत्रक मांडताना मी रविवार मोजले आणि कोकणातला सुतार गणपतीत पुण्यात राहील असं धरलं. दुसरा सुतार बघितला. त्याने दुसऱ्याचं काउंटर बसवायला नकार दिला.

9 सप्टेंबर, मंगळवार

भाडं सुरू. सुतार कालपासून बसवतोय. गाळ्यात लाकडाचा भुसा, विक्री शून्य.

13 सप्टेंबर, शनिवार

ओव्हनची चाचणी. खालचा डेक बरोबर तापतोय, वरच्याचा मागचा कोपरा मागे पडतो. साधा पाव एकाच ताटात अर्धा तपकिरी, अर्धा पांढरा. कंपनीचा माणूस बुधवारी. चाचणीला चार दिवस धरले होते, आठ लागणार असं दिसतंय. माफीच्या आत हे बसलं असतं तर झोप लागली असती.

22 सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. सकाळी सात वाजता शटर वर. काका-काकू साडेसातला आले. काकूंनी दोन लादी पाव घेतले आणि पैसे काउंटरवर ठेवूनच गेल्या, मी नको म्हणत राहिले.

रात्री हिशेब: किल्लीपासून आजपर्यंत बहात्तर दिवस गेले, त्यातले एकोणसाठ माफीत. 9 ते 21 सप्टेंबर तेरा दिवस भाडं भरून दुकान बंद, म्हणजे 18,200. त्यातले बरेचसे गणपतीचे, उरलेले ओव्हनच्या वरच्या डेकचे.

5 ऑक्टोबर, रविवार

सप्टेंबरचे बावीस दिवस, 30,800, आणि ऑक्टोबरचे पूर्ण 42,000, दोन्ही काकांच्या खात्यात पाठवले. त्यांचा मेसेज: "मिळाले. वरचा डेक झाला का?"

झाला. कॉइल बदलली.